व्हॉट्सॲपला खुले पत्र: मावशीच्या नावाने आलेल्या बक्षिसावर खूण का नाही?

व्हॉट्सॲप आणि मेटा कंपनीच्या भारतातील जबाबदार अधिकाऱ्यांस,

बक्षिसाच्या लिंका थांबलेल्या नाहीत. नाव बदलते, पान तेच राहते. मार्च २०२१ मध्ये ॲमेझॉनचा ३०वा वर्धापनदिन म्हणून ते फिरले, त्याच वर्षी ऑक्टोबरात टाटा समूहाची १५० वर्षे म्हणून, आणि एप्रिल २०२२ मध्ये चक्क भारतीय टपाल खात्याच्या नावाने. टपाल खात्याला तेव्हा जाहीर करावे लागले की सर्वेक्षण किंवा प्रश्नमंजूषेवर आम्ही कोणतेही अनुदान, बोनस वा बक्षीस देत नाही. जालना जिल्ह्यात पोस्टमनच्या हातून पेन्शन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला टपालाच्या नावावर शंका घ्यायला कोण शिकवणार?

यातली गोष्ट तुम्हांला माहीत आहे. माझ्या वाचकांना ती माहीत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ॲमेझॉनच्या नावाचे ते पान घ्या. आधी चार सोपे प्रश्न. मग पडद्यावर बक्षिसाच्या पेट्या. एखाददुसरी रिकामी निघते आणि मग महागडा मोबाईल 'लागतो'. हा योगायोग नसतो, उघडणाऱ्या प्रत्येकाला तो लागावा अशीच पानाची रचना असते. खाली 'मलाही मिळाला' म्हणणाऱ्यांचे अभिप्राय असतात, तेही पानावर आधीच लिहून ठेवलेले. आणि शेवटी अट: व्हॉट्सॲपवर ५ गटांना किंवा २० मित्रांना पाठवा. प्रत्येक वेळी बटण दाबले की एक पट्टी पुढे सरकते. ती पट्टी खोटी आहे. संदेश खरोखर गेला का, कोणाला गेला, हे त्या पानाला कळायला मार्गच नाही. बटण किती वेळा दाबले एवढेच ते मोजते. पट्टी भरली की फोन येत नाही. पुढे येते ती नाव, पत्ता, नंबर मागणारी चौकट, नाहीतर कुठलेसे ॲप उतरवून घेण्याची सूचना.

आता त्या बटणाकडे बघा. ते दाबले की व्हॉट्सॲप उघडते आणि मजकूर आधीच टंकलेला असतो. त्यासाठी वापरायची सोय तुमचीच आहे:

```
https://api.whatsapp.com/send?text=...
```

पाठवणारा फक्त गट निवडतो. तुमच्या ॲपच्या हिशेबी हा फॉरवर्ड नाही, हा त्या माणसाने स्वतः लिहिलेला संदेश. म्हणून त्यावर 'फॉरवर्ड केलेला' ही खूण उमटत नाही. अंबड तालुक्यातली एखादी मावशी पान उघडते, पट्टी भरते, आणि भोकरदनच्या भाच्याला तो संदेश असा दिसतो की जणू मावशीनेच विचार करून लिहिला. भाचा पान उघडतो, बटण दाबतो, आणि साखळी पुन्हा शून्यापासून सुरू होते. हजार घरे फिरून आलेल्या या मजकुरावर दोन बाणांची खूणही येत नाही, कारण तुमच्या मोजणीत तो एकदाही फॉरवर्ड झालेला नसतो.

फॉरवर्डची खूण कशी आली ते महाराष्ट्र विसरलेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात व्हॉट्सॲपवर फिरलेल्या, मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्याच महिन्यात तुम्ही 'फॉरवर्ड' ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाच चॅटचीच मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार फॉरवर्ड झालेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असे केले. म्हणजे संदेश कुठून आला हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे, हे तत्त्व तुम्हीच मान्य केलेत. मग पुढचे दार उघडे का ठेवलेत?

संदेश वाचता येत नाहीत, एन्क्रिप्शन आहे, हे उत्तर देऊ नका. संदेश वाचायची गरजच नाही. बाहेरच्या पानाने आपल्याला उघडले आणि मजकूर भरून दिला, हे ॲपला फोनवरच कळते. 'हा मजकूर वेबसाइटवरून आला आहे' एवढी ओळ तिथेच लावता येईल. लिंकमध्ये चमत्कारिक अक्षरे असतील तर 'संशयास्पद लिंक' असा इशारा तुम्ही देताच, आणि ती तपासणी फोनवरच होते असे तुम्हीच सांगता. बक्षिसवाले साधी अक्षरे वापरतात, म्हणून तिथे ती तपासणी तोकडी पडते. वर्तमानपत्रे आणि दुकानेही हीच सोय वापरतात हे मला मान्य आहे. खऱ्या बातमीवर 'वेबसाइटवरून' असे लिहिले तर तिचे काय बिघडणार?

तक्रारीचे बटण आहे म्हणाल. ते दाबल्यावर समोरच्या खात्याकडून आलेले शेवटचे पाच संदेश तुमच्याकडे जातात. म्हणजे तक्रार होते ती मावशीची. ठग तर त्या गटात कधी आलेलाच नाही. स्वतःच्या मावशीविरुद्ध तक्रार कोण करेल? पाठवणाऱ्याला सोडून फक्त लिंकची तक्रार करता आली पाहिजे.

तोवर तुमचे काम घरोघरी आम्हीच करतो. आमच्या कुटुंबाच्या गटात मी टाकलेला संदेश हा असा. ज्यांना हवा त्यांनी घ्यावा:

"सगळ्यांना नमस्कार. बक्षिसाची लिंक आली तर ती कोणीही पाठवलेली असो, पुढे पाठवू नका. आधी हिशेब करा: ॲमेझॉन १९९४ सालची, मग २०२१ मध्ये तिला ३० वर्षे कशी होतील? पत्ता बघा: https:// नंतर जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधी काय आहे ते वाचा. टपाल खात्याचा खरा पत्ता indiapost.gov.in असा संपतो. पुढे कुठेतरी indiapost लिहिलेले असून उपयोग नाही. काकू, मावशी, कोणी आधीच पाठवली असेल तर लाजू नका. अडीच दिवसांच्या आत 'सर्वांसाठी हटवा' होते, आणि गटात एक ओळ लिहा की ती खोटी होती. नुसते पान उघडले असेल तर बहुधा काही गेलेले नाही, पण त्या पानाला नोटिफिकेशनची परवानगी दिली असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमधून काढा. ॲप उतरवले असेल तर फोनचे इंटरनेट बंद करा, ॲप काढून टाका आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले तर आधी १९३० ला फोन, मग cybercrime.gov.in वर तक्रार. उद्यावर टाकू नका, पैसे दुसऱ्या खात्यातून बाहेर पडण्याआधी अडवता आले तर परत मिळण्याची शक्यता जास्त."

एवढा लांब संदेश सत्तरीतले काका पुरता वाचत नाहीत. लिंकवरची एक ओळ मात्र ते वाचतील, तीही मराठीत असेल तर.

माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ प्रमाणे तुमच्या तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यायचा असतो. हे पत्र तक्रार समजा. मागण्या दोनच आहेत: बाहेरच्या पानाने भरून दिलेल्या मजकुरावर मराठीत खूण लावा, आणि लिंकची तक्रार पाठवणाऱ्यापासून वेगळी करा. त्या मुदतीत उत्तर द्या.

जालना जिल्ह्यातील एक वापरकर्ता