बिनपावतीचं बिस्कीट सुरक्षित नाही

शिरूर-दौंड पट्ट्यात उसाचं बिल किंवा जमिनीचा मोबदला हाती आला की त्यातला काही पैसा सोन्यात जातो. त्यासोबत एक सल्लाही मिळतो : "सरकार आज ना उद्या लोकांचं सोनं काढून घेणार. अमेरिकेनं घेतलं, आपल्याकडेही सुवर्णनियंत्रण होतं. म्हणून दागिने नकोत, बिस्किटं घ्या. आणि पावती करू नका, म्हणजे कुणाला पत्ता लागणार नाही." हा सल्ला इतिहासाचा दाखला देतो, पण इतिहास नेमकं उलट सांगतो.

आधी अमेरिका पाहू. 5 एप्रिल 1933 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सोन्याची नाणी, लगडी आणि सुवर्णप्रमाणपत्रं बँकेत जमा करण्याचा हुकूम काढला. औंसाला 20.67 डॉलर मोबदला मिळाला. पुढच्याच वर्षी सरकारनं औंसाचा भाव 35 डॉलर ठरवला, त्यामुळे सोनं देणाऱ्यांचं नुकसान झालं हे खरं. पण हुकूम होता नाणी आणि लगडींवर. अंगावरच्या दागिन्यांना त्यानं हात लावला नव्हता.

आता आपल्याकडे. चीन युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती. जानेवारी 1963 मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणलं. नवे दागिने 14 कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे घडवायचे नाहीत, असा नियम झाला. याचा अर्थ हिशेबानं पाहा. 22 कॅरटच्या पाच तोळ्यांत सुमारे 4.6 तोळे शुद्ध सोनं असतं, 14 कॅरटच्या पाच तोळ्यांत जेमतेम 2.9. असा दागिना कुणाला हवा होता? गिऱ्हाईक थांबलं आणि हातावर पोट असलेला सोनार उघड्यावर पडला. देशभरातून सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. 1966 मध्ये ही अट मागे घ्यावी लागली.

नंतर 1968 चा सुवर्णनियंत्रण कायदा आला. त्यानं सर्वसामान्य माणसाला लगड किंवा बिस्कीट बाळगायला बंदी केली. दागिने बाळगायला मात्र बंदी नव्हती. एका व्यक्तीकडे 2000 ग्रॅम किंवा कुटुंबाकडे 4000 ग्रॅमपेक्षा जास्त दागिने असतील, तरच ते जाहीर करायचे होते. 4000 ग्रॅम म्हणजे जुन्या मापानं जवळजवळ 343 तोळे. बागायतदार घरातही एवढं सोनं क्वचितच असेल. जाहीर केलेला दागिना मालकाकडेच राहत होता. जप्तीची तलवार होती ती लपवलेल्या सोन्यावर. म्हणजे आज जे सुरक्षित म्हणून विकलं जातं, ते बिनकागदाचं बिस्कीट, तेव्हा सर्वांत धोक्यात होतं.

"मग असं पुन्हा होणारच नाही," असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. हा कायदा बावीस वर्षं टिकला. त्या काळात दुबईहून दहा तोळ्यांची बिस्किटं मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतच राहिली, तस्करीचा धंदा भरभराटीला आला. अखेर 1990 मध्ये मधु दंडवते अर्थमंत्री असताना तो रद्द झाला. 2013 मध्येही चालू खात्यातली तूट वाढताच सोन्याच्या आयातीवर बंधनं आली, आणि नंतर ती सैल झाली. परकीय चलन आटलं की सरकारची नजर सोन्याकडे वळते. ती आधी पडते आयातीवर, लगडीवर आणि व्यापारावर.

आता आजचा गैरसमज. "बाईकडे 500 ग्रॅम, कुमारिकेकडे 250 आणि पुरुषाकडे 100 ग्रॅमपेक्षा जास्त सोनं असलं की जप्त," असं सर्रास बोललं जातं. मुळात 1994 ची ही सूचना प्राप्तिकर अधिकाऱ्यांसाठी आहे. छाप्याच्या वेळी कुटुंबातल्या प्रत्येक व्यक्तीमागे इतके दागिने, कागद नसले तरी, जप्त करू नयेत, असं ती सांगते. ती मालकीची मर्यादा नव्हे. 1 डिसेंबर 2016 रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं स्पष्ट केलं की जाहीर उत्पन्नातून, करमुक्त शेती उत्पन्नातून, घरखर्चातल्या वाजवी बचतीतून किंवा कायदेशीर वारशानं आलेल्या सोन्यावर कर नाही. प्रश्न किती सोनं आहे हा नाही, ते कुठून आलं हा आहे.

इथं ऊस उत्पादकाची बाजू भक्कम आहे. कारखान्याचं बिल बँकेत जमा होतं, मोबदल्याची नोंद असते, सात-बारा असतो. त्याच पैशातून, खात्यातूनच पैसे देऊन, हॉलमार्कचा दागिना घेतला आणि पक्की पावती जपली, तर सोन्याचा उगम कुणीही विचारला तरी उत्तर तयार असतं. आजी-आईकडून आलेल्या जुन्या दागिन्यांचं वजन आणि वाटणी घरच्यांच्या सहीनं लिहून ठेवावी. जीएसटी वाचवायला पावती टाळणारा शेतकरी हे उत्तरच गमावतो, आणि पांढऱ्या पैशाचं सोनं स्वतःच्या हातानं संशयास्पद करतो.

उद्याचा कायदा कसा असेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. पण दोन्ही देशांच्या अनुभवात सोनं बाळगण्यावरच्या बंदीचा फटका लगडीला बसला, आणि आपल्याकडे लपवणारा जप्तीत सापडला. म्हणून दागिना घ्या, पावती घ्या, आणि पावती नको म्हणणाऱ्या दुकानदाराकडून काहीच घेऊ नका.