संक्षेपाचे वय

पोलादपूर तालुक्यातील गावांची यादी पाहिली की कुडपण हे नाव दोनदा भेटते. एक कुडपण बु., दुसरे कुडपण खु. हे 'बु.' आणि 'खु.' म्हणजे काय, असे शाळकरी मुलांना विचारले तर बहुतेक जण 'बुद्रुक' आणि 'खुर्द' एवढे सांगतात आणि तेथेच थांबतात. बुद्रुक हा फारसी 'बुजुर्ग' शब्दाचा मराठी अवतार आहे. बुजुर्ग म्हणजे थोर, वडील. खुर्द म्हणजे लहान, धाकटे. म्हणजे दप्तरात एकाच नावाची एक वडील वाडी आहे आणि एक धाकटी. अक्षर टिकले, अर्थ विरला, आणि तरीही टपाल बरोबर पोहोचते. संक्षेपाचे आयुष्य बहुधा असेच असते. तो ज्या शब्दासाठी उभा असतो तो शब्द विसरला जातो आणि संक्षेप स्वतःच शब्द होऊन बसतो.

आपल्या घरांतील जुन्या पत्रव्यवहारात तर संक्षेपांवाचून ओळ पुढे सरकत नसे. 'सा. न. वि. वि.', 'ता. क.', 'चि.', 'सौ.' ही अक्षरे वयाची आणि नात्याची शिस्त पाळीत. वडिलांना 'तीर्थरूप', वडिलांसारख्या वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', धाकट्यांना 'चिरंजीव'. 'ती.' कोणासाठी आणि 'ती. स्व.' कोणासाठी, हे चुकले तर पत्र वाचणारा मनात खट्टू होई. वहीखात्यात 'ह.' म्हणजे 'हस्ते' हे मुनीमजींना सांगावे लागत नसे. तेव्हा नव्या पिढीने तीन अक्षरांत बोलणे सुरू केले म्हणून भाषा बुडाली, ही तक्रार आपल्या पेढ्यांवर तरी शोभत नाही. अडचण निराळी आहे. जुने संक्षेप थोरांनी ठरविले आणि धाकट्यांनी शिकून घेतले. brb, imo, tbh हे संक्षेप उलट्या वाटेने घरात आले, आणि प्रत्येक वयाने त्यांचा अर्थ आपापल्या सोयीने लावला.

ते रोमन लिपीतच का आले, याला एक यांत्रिक कारणही आहे. मोबाइलच्या साध्या संदेशात, म्हणजे एसएमएसमध्ये, रोमन लिपीत लिहिल्यास 160 अक्षरे मावतात. तोच संदेश देवनागरीत लिहिला तर एका संदेशाची मर्यादा 70 वर येते, आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी व हलन्त यांची मोजणी वेगळी होते. 'नमस्कार' हा डोळ्यांना चार अक्षरांचा दिसणारा शब्द यंत्र सात धरते. 'मिच्छामि दुक्कडम्' मधल्या मोकळ्या जागेसह सतरा होते. संदेशागणिक पैसे मोजण्याच्या त्या काळात मराठी माणूस रोमनकडे वळला, आणि रोमन लिपी आली तेव्हा तिच्यासोबत तिचे तयार संक्षेपही आले. आज संदेशाला पैसे पडत नाहीत, तरी सवय राहिली.

या तिघांत brb सर्वांत जुन्या धाटणीचे. be right back, म्हणजे 'आलोच'. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाले. तेव्हा संगणक टेबलावर असे, जोडणी दूरध्वनीच्या तारेतून येई आणि गप्पा मारणारा माणूस खुर्चीला बांधलेला असे. तो पाणी प्यायला उठला तर पलीकडच्याला रिकामा पडदा दिसे. म्हणून उठण्यापूर्वी brb लिहिणे हा शिष्टाचार होता, आणि त्यात दोन गोष्टी होत्या: मी जातो आहे, आणि थोड्याच वेळात परत येतो आहे. याहू मेसेंजर 1998 साली आला आणि 17 जुलै 2018 रोजी बंद झाला. त्यावर गप्पा मारीत शिकलेली पिढी आज चाळिशीच्या पुढे आहे, आणि ती brb आजही अक्षरशः घेते.

फोन खिशात आला आणि खुर्ची गेली. आता 'जाणे' उरले नाही, त्यामुळे 'परत येणे'ही उरले नाही. विशीतला मुलगा संदेशाचे उत्तर दोन मिनिटांनी देतो किंवा दोन प्रहरांनी, मधल्या वेळेचा हिशेब त्याला द्यावासा वाटत नाही. तो brb लिहितोच तर ते 'आता पुरे' अशा अर्थाने, किंवा थट्टेने. परीक्षेचा निकाल लागल्यावर 'brb रडून येते' असे लिहिणारी मुलगी कोठेही जात नसते आणि बहुधा रडतही नसते. जेथे डोंगराच्या आडोशाने रेंज येते आणि जाते, तेथे मात्र या संक्षेपाला त्याचा जुना अर्थ अजून शोभतो. घाटाच्या वळणावर बोलणे तुटणार हे ठाऊक असलेला माणूस brb लिहितो तेव्हा तो खरोखरच जात असतो.

हा फरक गप्पांपुरता असता तर हसून सोडता आला असता. पण व्यवहारही आता याच पडद्यावर होतात. एक उदाहरण कल्पावे. पोलादपूरच्या बाजारपेठेत धान्य-किराण्याचे दुकान, उधारीची गिऱ्हाइके थेट कुडपणपर्यंत. गणपतीला मुंबईचे चाकरमानी गावी येणार, म्हणून चणाडाळ, गूळ, साखर आधी भरून ठेवायची. दुकान सांभाळणारे काका बासष्ट वर्षांचे. पुण्यात मार्केट यार्डाच्या व्यवहारात नुकताच पडलेला पुतण्या चोवीस वर्षांचा. दरवर्षी चणाडाळीचे 50 कट्टे येतात. काका सकाळी विचारतात, यंदा किती मागवू? ट्रकवाला निघायच्या तयारीत आहे. पुतण्याचे उत्तर येते: 'काका, imo 30 पुरे. tbh भाव उतरेल. brb'.

पुतण्याच्या मनात काय होते? imo म्हणजे in my opinion, 'मला आपले वाटते'. त्याच्या वयाचे लोक हा शब्द विधानाचे वजन कमी करण्यासाठी वापरतात. तुमचे मत वेगळे असेल तर सांगा, असे आमंत्रण त्यात असते. tbh म्हणजे to be honest, पण त्याच्या लेखी तो फक्त वाक्याचा सांधा. मराठीत आपण 'तसं पाहिलं तर' म्हणतो, तेवढाच. आणि brb म्हणजे एका ओळखीच्या अडत्याला विचारून बघतो, मग बोलू. सगळा मिळून अर्थ असा: माझा अंदाज आहे, नक्की नाही, विचारून सांगतो.

काकांनी काय वाचले? त्यांनी अक्षरांचे पूर्ण रूप शिकून घेतले होते, आणि घोटाळा तेथेच झाला. व्यापारी घरात 'माझ्या मते' हे शब्द बहुधा वडीलधाऱ्याच्या तोंडी येतात, आणि ते आले की चर्चा संपते. आजोबांचे 'माझ्या मते' म्हणजे निर्णयच असे. त्या सवयीने imo हा पक्का सल्ला झाला. 'खरे सांगायचे तर' हे शब्द मराठीत सहज येत नाहीत. आतापर्यंत जे झाकून ठेवले होते ते आता उघड करतो, अशी त्यांची चाहूल असते. त्यामुळे tbh वाचून काकांना वाटले, पोराला यार्डातून आतली बातमी लागली आहे. राहिले brb. काकांनी ट्रकवाल्याला अर्धा तास थांबविले. पुतण्या 'आलोच' म्हणाला होता, तो आला नाही. मग त्यांनी 30 कट्ट्यांचे सांगून टाकले.

पुतण्याचा पुढचा संदेश रात्री आला: अडत्या म्हणतो भाव चढणार, 50 च घ्या. तोवर ट्रक निघून गेला होता. चतुर्थीच्या आधी डाळ संपली आणि उरलेली चढ्या भावाने महाडहून आणावी लागली. नफा गेला तो गेलाच. पण काकांच्या मनात राहिले ते दुसरेच. 'खरे सांगतो' म्हणून खोटे सांगितले, असे त्यांना वाटले. पुतण्याला वाटले, आपण तर नुसता अंदाज दिला होता. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते, आणि संशय मात्र सचोटीवर आला. पेढीवर याहून महाग गोष्ट नाही.

याच घरातील पंधरा वर्षांच्या नातीला विचारले तर tbh चा तिसराच अर्थ निघू शकतो. सुमारे दहा वर्षांपूर्वी इन्स्टाग्रामवरील शाळकरी मुलांत tbh हे नामच झाले होते. छायाचित्र आवडल्याचे कळवा, मी तुम्हाला एक tbh देईन, म्हणजे तुमच्याविषयी चार शब्द लिहीन, आणि ते शब्द बहुतेक कौतुकाचेच असत. 2017 साली अमेरिकेत tbh याच नावाचे एक ॲप निघाले. त्यात मुले एकमेकांविषयी निनावी मत देत, पण प्रश्न सगळे स्तुतीचेच ठेवलेले होते. फेसबुकने ते त्याच वर्षी विकत घेतले आणि 2018 मध्ये बंद केले. म्हणजे ज्या अक्षरांनी आजोबांच्या कानात कटू सत्याची घंटा वाजते, तीच अक्षरे काही मुलांना पाठीवरची थाप वाटत. imo चीही एक गंमत आहे. आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांच्या कित्येक घरांत imo म्हणजे मत नव्हे, तर चेहरा पाहून बोलण्याचे ॲप. तेथे 'imo कर' म्हटले की कोणी मत मांडीत नाही, फोन लावतो.

हा घोटाळा केवळ आपल्याकडचा नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, तेही यात सापडले आहेत. मे 2012 मध्ये लंडनच्या लेव्हेसन चौकशी आयोगापुढे संपादिका रिबेका ब्रुक्स यांनी सांगितले की पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आपल्या संदेशांच्या शेवटी कधी कधी LOL लिहीत. त्यांना त्याचा अर्थ lots of love, म्हणजे 'सप्रेम', वाटत होता. तो 'खो खो हसतो' असा असल्याचे ब्रुक्स यांनी सांगितल्यावर त्यांनी ते लिहिणे सोडले. धाकट्या पिढीत आता LOL चे हसूही ओसरले आहे. 'उशीर होतोय lol' लिहिणारा हसत नसतो, रागावू नका एवढेच सुचवीत असतो.

अर्थ कोणता घ्यायचा, याची खूण पुष्कळदा शब्दापेक्षा त्याच्या जागेत सापडते. tbh वाक्याच्या आरंभी, पूर्णविरामानंतर आणि एखाद्या नव्या गोष्टीसह आले तर ते बहुधा खरोखरचे 'खरे सांगायचे तर' असते. वाक्याच्या शेवटी लोंबत असेल तर ते भरतीचे. imo नंतर कारण दिले असेल तर ते मत. नुसता आकडा असेल तर अंदाज. brb नंतर वेळ लिहिली असेल तरच त्यावर ट्रक थांबवावा. या खुणा अचूक नाहीत. वर दिलेल्या संदेशात tbh आरंभीच होते, आणि तरीही ते भरतीचेच निघाले. म्हणून जेथे आकडा, भाव किंवा तारीख आहे, तेथे वाचणाऱ्याने उलट एकच प्रश्न टाकणे स्वस्त पडते: 'नक्की की अंदाज?' आणि लिहिणाऱ्याने त्या ओळीपुरते मराठी शब्द पूर्ण लिहावेत. 'अंदाजे 30, दुपारी दोनपर्यंत विचारून कळवतो' हे लिहायला brb पेक्षा अर्धे मिनिट अधिक लागते.

अभिवादनाच्या जागी JJ लिहिले तर 'जय जिनेन्द्र' समजून घेणारी मंडळी आता सर्व वयांची आहेत. तेथे काही बिघडत नाही. संवत्सरीला मात्र कोणी MD एवढीच दोन अक्षरे धाडली, तर नातवाला ती क्षमायाचना वाटेल, आणि आजी विचारील, हा कोणता डॉक्टर?