बजेट जमत नाही, हे सांगताना

महापे किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीतून फ्रीलान्स डिझायनरला फोन येतो. समजा, पंप बनवणाऱ्या कारखान्याला २४ पानांचा कॅटलॉग हवाय, बजेट १२,००० रुपये. पानाला दोन तास धरले तर ४८ तास, दुरुस्तीच्या दोन फेऱ्यांना आणखी आठ. तासाला ६०० रुपयांप्रमाणे ३३,६०० होतात. एवढी तफावत घासाघीस करून मिटत नाही, तेव्हा नकार द्यायचाच.

पण बहुतेक जण इथे ‘सध्या हातात खूप काम आहे’ असं सांगून मोकळे होतात. माझ्या मते नातं इथेच बिघडायला लागतं. समोरच्याला ते खरं वाटतं, आणि महिन्याभराने तो तेच १२,००० घेऊन पुन्हा फोन करतो. दुसऱ्यांदा तीच सबब दिली की त्याला कळतं आणि तो दुखावतो. ३३,६०० वरून एकदम १५,००० वर येणं त्याहून वाईट. मग पहिला आकडा फुगवलेला होता असंच त्याला वाटणार, आणि पुढचं प्रत्येक कोटेशन तो अर्ध्यावर आणायला बघणार.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. फोन करणारा माणूस बऱ्याचदा मार्केटिंगचा किंवा पर्चेसचा असतो, बजेट त्याने ठरवलेलं नसतं. तुमचा नकार त्याला मालकापुढे मांडावा लागतो. म्हणून फोनवर बोलून झालं की त्याच दिवशी, त्याला जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा मेल लिहावा:

‘नमस्कार सर, कॅटलॉगसाठी विचारलंत, आभार. २४ पानांना दुरुस्त्या धरून साधारण ५६ तास लागतील, त्याचे ३३,६०० होतात. १२,००० मध्ये हे काम मला नीट करून देता येणार नाही, म्हणून घेत नाही. त्या रकमेत मुख्य मॉडेल्सचं ८ पानी ब्रोशर मात्र करून देईन, दुरुस्तीची एक फेरी धरून.’

८ पानांचे १६ तास, दुरुस्तीचे तीन, म्हणजे ११,४००. दर तोच राहिला, काम कमी झालं. ‘बाजारात हाच दर चालतो’ किंवा ‘तुमचं बजेट फारच कमी आहे’ असं मेलमध्ये काही नको. मालकाने वाचल्यावर त्याला तो टोमणा वाटतो.

‘पुढचं काम मोठं आहे’ हे आमिष हमखास येतं. त्यावर, सवलत त्या मोठ्या कामाच्या बिलात देतो, असं म्हणावं. दुसऱ्या डिझायनरचं नाव सुचवायचं असेल तर आधी तिला बजेट सांगून विचारावं. न विचारता नंबर दिला तर दोन्हीकडे वाईटपणा येतो.

महिना-दोन महिन्यांनी त्याच ऑफिसातून दुसऱ्या कामाचं कोटेशन मागितलं गेलं, तर नकार नीट पोचला म्हणायचा. ऑर्डर तेव्हाही मिळेलच असं नाही.