खड्डा किती घनमीटरचा?

आमच्या होस्टेलवर मुलाखतीची तयारी म्हणजे झेरॉक्सची एक फाईल. सीनियरकडून ज्युनियरकडे आलेली, कडा फाटलेली, त्यात शंभर-दीडशे प्रश्न आणि त्यांची एकेका ओळीची उत्तरं. कव्हर किती, लॅप किती, सेंट्रिंग किती दिवसांनी काढायचं. शेवटच्या पानावर 'सेफ्टी'. तिथे हेल्मेट, बूट, बेल्ट एवढी तीन नावं. मीही ती फाईल पाठ करूनच गेलो होतो. परत आलो तेव्हा एक गोष्ट पक्की कळली होती. ड्रॉइंग, क्वांटिटी आणि सेफ्टी हे तीन वेगळे प्रश्न नसतात. तो एकच प्रश्न असतो, आणि आपण तो तीन तुकडे करून पाठ करतो म्हणून फसतो.

मुलाखत साकोलीच्या बाजूला एका साईटवर होती. महामार्गापासून आत, धानाच्या बांध्यांमध्ये राईस मिलचं गोदाम उभं राहत होतं. पत्र्याच्या ऑफिसात एक साहेब बसलेले. मार्कशीट त्यांनी उघडलीसुद्धा नाही. फाउंडेशनचं ड्रॉइंग टेबलावर पसरलं आणि म्हणाले, "हे बघ, आणि सांग, उद्या सकाळी जेसीबीवाल्याला काय सांगशील?"

ड्रॉइंगवर फुटिंग होतं १८०० बाय १८००, जाडी ४५०. खाली १०० मिलिमीटरची पीसीसी, चारही बाजूंनी १५० बाहेर. सेक्शनमध्ये जमिनीच्या रेषेपासून पीसीसीच्या तळापर्यंत २००० लिहिलेलं. मी लगेच म्हणालो, "सर, दोन मीटर खोल."

"सगळीकडे?"

"हो सर."

त्यांनी कोपऱ्यातल्या नोट्सवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं की सर्व पीसीसीचा तळ आर.एल. ९८.००० वर राहील. आणि खिडकीतून दिसत होतं की गोदामाचा अर्धा भाग वरच्या बांधीत आहे, अर्धा खालच्या. वरच्या बांधीची लेव्हल १००.०००, तिथे दोन मीटर बरोबर. खालची ९९.६००. तिथे खणायचं एक मीटर साठ सेंटिमीटरच. मी म्हटल्याप्रमाणे खणलं असतं तर प्रत्येक खड्डा ४० सेंटिमीटर जास्त गेला असता. जास्त खणलेल्या जागी माती परत ढकलून चालत नाही, कारण भरावावर फुटिंग बसवलं तर ते खचतं. तिथे पीसीसीच भरावी लागते, आणि ती ठेकेदाराच्या खिशातून. म्हणजे २.१ गुणिले २.१ गुणिले ०.४, एका खड्ड्याला पावणेदोन घनमीटरच्या वर काँक्रीट फुकट. इस्टिमेशनच्या पेपरात जमीन नेहमी सपाट असते. भंडारा जिल्ह्यात ती बांधीबांधीने उतरते.

मग आला क्वांटिटीचा प्रश्न. "वरच्या बांधीतल्या एका खड्ड्याची माती किती?" हे मला येत होतं. पीसीसीचा आकार गुणिले खोली, २.१ गुणिले २.१ गुणिले २, म्हणजे ८.८२ घनमीटर. फुटिंगचं काँक्रीट १.४५८ घनमीटर हेही सांगून टाकलं.

"बरोबर," साहेब म्हणाले. "मेजरमेंट बुकात हेच लिहितात. आता सांग, या खड्ड्यात सेंट्रिंगवाला उभा कुठे राहणार?"

मी गप्प. पीसीसी फुटिंगच्या बाहेर फक्त १५० मिलिमीटर आहे. तेवढ्यात माणूस सोडा, त्याचं पाऊल आडवं मावत नाही. त्याला फळी ठोकायला, टेका द्यायला पीसीसीच्या बाहेर निदान ३०० मिलिमीटर हवेत. म्हणजे तळ झाला २.७ मीटरचा. आणि दोन मीटर उंचीच्या उभ्या मातीच्या भिंतीखाली त्याला वाकून काम करायला लावायचं नाही. सरकारी कंत्राटांना जो सेफ्टी कोड जोडलेला असतो त्यात साफ लिहिलंय: खोदाई दीड मीटर किंवा जास्त असेल तर बाजूंना उतार द्या, नाहीतर लाकडी आधार द्या. काढलेली माती कडेपासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, यातलं जे जास्त असेल तितकी लांब टाका.

साहेबांनी मला कागद दिला. दोन मीटर उभ्याला एक मीटर आडवा उतार धरायला सांगितला. तळ २.७, मधला काप ३.७, वरचं तोंड ४.७ मीटर. प्रिझमॉइडल सूत्राने आकडा आला साधारण २८ घनमीटर. वहीत ८.८२ आणि जमिनीत २८. तिपटीहून जास्त! शेजारचा कॉलम चार मीटरवर असेल तर दोन खड्डे वरून एकमेकांत मिसळणार, म्हणजे सुटे खड्डे सोडून सलग चर काढण्याचा विचार आधीच करावा लागतो. शिवाय काढलेली माती थराथराने परत भरून ठोकावी लागते, नाहीतर वर्षभरात गोदामाची फरशी बसते.

बहुतेक करारांत जास्तीच्या वीस घनमीटरांचे वेगळे पैसे मिळत नाहीत. सगळा वाद इथेच आहे. मातीचा एक घनमीटर पावणेदोन टनांच्या आसपास भरतो. माणूस छातीपर्यंत दबला तरी श्वास घेऊ शकत नाही. आणि माती सांगून पडते, पण ऐकणारा लागतो: कडेला समांतर बारीक भेग, तळाशी पाझर, अधूनमधून गळणारी ढेकळं. पाऊस पडून गेल्यावर किंवा कडेने ट्रक गेल्यावर हे बघितल्याशिवाय कोणाला खाली उतरू द्यायचं नाही. माती ओली, रेताड असेल तर वर धरलेला उतारसुद्धा पुरत नाही.

परत आल्यावर रूम पार्टनर म्हणाला, "अबे, असं बोलशील तर कोणता ठेकेदार ठेवेल तुला? त्याला स्वस्त माणूस पाहिजे." त्याचं पूर्ण चूक नाही. काही ठिकाणी ८.८२ वरच थांबणारा इंजिनिअर हवा असतो. पण नुसतं 'सर, धोका आहे' म्हणणाऱ्याचं कोणीच ऐकत नाही. २८ चा आकडा, जेसीबीचे तास आणि लाकडी आधाराचा खर्च शेजारीशेजारी मांडणाऱ्याचं निदान ऐकावं लागतं. जागा कमी असेल तर आधार स्वस्त पडतो, मोकळ्या बांधीत उतार स्वस्त पडतो. हे रेट भरण्याआधी काढलं तर ठेकेदाराचंही नुकसान नाही. काम सुरू झाल्यावर काढलं तर मात्र ते नेहमी मजुराच्या जिवावर वाचवलं जातं.

ती नोकरी मला मिळाली नाही. लेव्हलच्या प्रश्नावर मी पडलो होतो, त्यात कोणाचा दोष नाही.

आमच्या सरांना एकच विनंती आहे. इस्टिमेशनच्या तोंडी परीक्षेत एक खरं ड्रॉइंग टेबलावर ठेवा, आणि क्वांटिटी काढून झाली की विचारा, "माणूस कुठे उभा राहील?" आणि होस्टेलवरच्या मित्रांनो, गोसीखुर्दच्या कालव्यावर जा की राईस मिलच्या पायात उतरा, ती झेरॉक्सची फाईल शेवटच्या पानापासून वाचायला घ्या. तिथे हेल्मेटच्या खाली पेनाने लिहा: ८.८२ की २८?