लाकडी फरशीला ओला पोछा नको

बेडरूममध्ये लॅमिनेट किंवा इंजिनिअर्ड वुडची फरशी बसवून घेतली असेल, तर तिथे कोणता पोछा फिरतो ते एकदा नीट पाहा. बहुतेक घरांत स्वयंपाकघर पुसून झालं की तोच निथळता पोछा, त्याच फिनाईलच्या बादलीत बुचकळून, आतही फिरतो. टाइल्सना ते चालतं. या फरशीला नाही.

लॅमिनेटचा वरचा थर टणक असतो, पण त्याखालचा गाभा लाकडाचे तंतू दाबून बनवलेला असतो. पट्ट्या एकमेकींत नुसत्या अडकवलेल्या असल्याने पाणी सांध्यातून आत उतरतं आणि गाभा फुगतो. उजेडाकडे तोंड करून खाली वाका आणि सांध्यावरून आडवं बोट फिरवा. कडा बोटाला लागली, तर पाणी आत गेलं आहे असं समजा. फुगलेली कड वाळली तरी सहसा पुन्हा बसत नाही. इंजिनिअर्ड वुडवर खऱ्या लाकडाचा पातळ थर असतो. पाणी साचून राहिलं तर तो काळवंडतो किंवा सुटू लागतो.

म्हणून आधी मऊ झाडूने कचरा आणि वाळू काढा. पोछ्याखाली वाळूचे कण राहिले तर ते घासले जाऊन चरे पडतात. मग मायक्रोफायबरचं कापड साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा, इतकं की पुन्हा मुठीत दाबलं तरी थेंब पडू नये. पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने पुसत चला. पुसलेली जागा मिनिटा-दोन मिनिटांत वाळली पाहिजे. नाही वाळली, तर कापड जास्त ओलं आहे. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा मागोमाग कोरडं कापडही फिरवा.

फिनाईल, ॲसिड, ब्लीच, व्हिनेगर आणि घासणी या फरशीपासून लांब ठेवा. त्यांनी वरची चमक मरते. साबणाच्या पाण्याचा पातळ थर मागे उरतो आणि त्यावर पावलांचे ठसे उठतात. चिकट डाग असेल तर लाकडी फरशीसाठी मिळणारं सौम्य क्लीनर बाटलीवर लिहिलंय तितकंच कापडावर घ्या, फरशीवर ओतू नका. स्टीम मॉपही टाळा, कारण वाफ सांध्यात शिरते. लॅमिनेटला मेण किंवा पॉलिश लावू नका. ते आत मुरत नाही, फरशी नुसती निसरडी होते.

कुंडीखाली किंवा बाल्कनीच्या दाराशी पाणी सांडलं, तर ते लगेच टिपून घ्या.

घरी फरशी पुसायला ताई येत असतील, तर या खोलीसाठी वेगळं कापड काढून ठेवा आणि ते कसं पिळायचं हे त्यांना एकदा स्वतः करून दाखवा. लॅमिनेटची फुगलेली पट्टी घासून सरळ करता येत नाही, ती बदलावीच लागते.