‘मी हरलो’ एवढाच निरोप आला तर

दहावी-बारावीचे निकाल, पोलीस भरतीची यादी, एमपीएससीचा कटऑफ. असे दिवस आले की आपल्या वस्त्यांमधल्या एखाद्या मोबाईलवर एक छोटा निरोप येतो. ‘मी फेल झालो.’ ‘मी हरले.’ पुढे-मागे काही नाही. वाचणारा गोंधळतो आणि बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट करतो. ‘अरे, पुन्हा दे परीक्षा, एवढं काय!’ असे लिहून मोकळा होतो किंवा सकाळी बोलू म्हणून फोन बाजूला ठेवतो. आमच्या मते या दोन्ही गोष्टी टाळायला हव्यात. असा निरोप म्हणजे दारावर पडलेली थाप आहे. बाहेर कोण उभे आहे आणि त्याला काय हवे आहे, हे दार उघडल्याशिवाय कळत नाही.

पहिली चूक अंदाज बांधण्याची होते. निकालाचे दिवस आहेत म्हणून आपण परीक्षाच धरून चालतो. पण ‘हरलो’ या शब्दामागे कर्ज असू शकते, मोडलेले लग्न असू शकते, सोडलेली दारू पुन्हा सुरू झालेली असू शकते किंवा वसतिगृहात जातीवरून रोज ऐकावे लागणारे टोमणे असू शकतात. अंदाज चुकला की समोरच्याला वाटते, यांना काही कळणार नाही. मग तो ‘काही नाही, असंच’ म्हणतो आणि विषय तिथेच बंद होतो.

एक उदाहरण घेऊ. हे आम्ही समजावण्यासाठी रचलेले आहे. राहुरी तालुक्यातल्या एका वस्तीतला मुलगा पुण्यात खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करतो. रात्री पावणेअकराला नगरला राहणाऱ्या मोठ्या बहिणीला त्याचा मेसेज येतो, ‘ताई, मी फेल झालो.’ ती लगेच लिहिते, ‘वाचलं रे. मी जागी आहे. फोन करू, की इथंच लिहितोस?’ या उत्तरात तीनच गोष्टी आहेत. तुझे वाचले, मी आहे, कसे बोलायचे ते तू ठरव. उपदेश नाही, ‘कशात फेल?’ अशी उलटतपासणीही नाही.

तो लिहितो, ‘काही नाही. झोप तू.’ इथे बरेच जण सुटलो म्हणून झोपतात. ती फोन लावते आणि आधी विचारते, ‘खोलीवर एकटाच आहेस का? बोलायला जागा आहे ना?’ हा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात, एक फोन घरात चौघे वापरतात, तिथे माणूस मनातले बोलणार कसा? त्याला गच्चीवर, विहाराच्या ओट्यावर, कुठेतरी बाजूला जाऊ द्यावे. मग ती म्हणते, ‘काय झालं ते सांग. आज नाही सांगितलंस तरी मी फोन ठेवत नाही.’

हळूहळू कळते की गोष्ट 1600 मीटरच्या धावण्याची नाहीच. मैदानी चाचणीत तो मागेच बाद झाला होता, पण घरी ‘पास झालो’ असे सांगून बसला होता. अकॅडमीच्या फीसाठी व्याजाने पैसे घेतले होते आणि सावकार आता घरी येतो म्हणत होता. ‘पुढच्या भरतीला बघू’ हे उत्तर इथे किती पोकळ ठरले असते, ते पाहा.

आता सर्वांत अवघड प्रश्न. तो ती सरळ विचारते, ‘जीव द्यावा असं मनात येतंय का तुझ्या?’ असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. मानसिक आरोग्याचे तज्ज्ञ स्पष्ट विचारायलाच सांगतात, कारण त्यामुळे मनात दाबलेले बोलायला वाट मिळते. तो म्हणतो, ‘येतं कधी कधी.’ ती ओरडत नाही, आईची शपथ घालत नाही. ‘सांगितलंस ते बरं केलंस,’ म्हणते आणि विचारते, ‘आज काही करायचं ठरवलंयस का?’ तो नाही म्हणतो. तरी ती फोन चालू ठेवते, त्याला सांगूनच शेजारच्या खोलीतल्या मित्राला त्याच्याजवळ बसवते आणि सकाळच्या पहिल्या एसटीने मामा पुण्याला निघतात.

‘ठरवलंय’ असे उत्तर आले असते, किंवा फोनच उचलला नसता, तर गुपित पाळायचे नसते. त्याच्या सर्वांत जवळ असलेल्या एका माणसाला ताबडतोब तिथे पाठवावे, 112 किंवा 108 ला फोन करावा, त्याला एकटे सोडू नये. घरात असेल तर फवारणीचे औषध आणि गोळ्या त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी हलवाव्यात. मात्र त्याच्या मेसेजचा फोटो वस्तीच्या ग्रुपवर टाकू नये. मदतीला एक-दोन विश्वासू माणसे पुरतात. शंभर जणांना कळले की त्याला लाजेने आणखी एक हार झाल्यासारखे वाटते.

टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते आणि काळजीत पडलेले नातेवाईकही तिथे सल्ला विचारू शकतात. झोप, जेवण, कामात मन हे दोन आठवडे बिघडलेलेच राहिले तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार तज्ज्ञांना दाखवावे. पोलीस केसच्या भीतीने कुणी दवाखाना टाळू नये. जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा धरून चालतो आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य मानतो.

आपल्या समाजाची म्हणून एक गोष्ट सांगणे आम्हाला गरजेचे वाटते. अशा वेळी आपल्या तोंडी पहिले वाक्य येते, ‘बाबासाहेब बघ, किती हाल सोसून शिकले!’ उदाहरण खरे आहे, पण वेळ चुकते. त्या रात्री त्या पोराला एवढेच ऐकू येते की तू बाबासाहेबांनाही कमी पडलास. घरात पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलावर साऱ्या वस्तीच्या आशेचे ओझे आधीच असते. आठवड्याने, तो सावरल्यावर, त्याला बाबासाहेबांच्या प्रबंधाची हकीकत जरूर सांगा. लंडनला सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी बदल करून पुन्हा लिहायला लावला. पैसे संपल्याने 1923 मध्ये बाबासाहेब मुंबईला परतले, इथूनच दुरुस्त करून तो पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळवली. तेव्हा ही हकीकत बळ देईल.

आधी काय करायचे, ते तथागतांनी दाखवून दिले आहे. विनयपिटकातल्या महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा येते. पोटाच्या विकाराने तो आपल्याच घाणीत पडला होता. बुद्धांनी आधी त्याला आजार काय आहे ते विचारले, मग तुझी सेवा करणारे कुणी आहे का, असे विचारले. नंतर आनंदाला पाणी आणायला सांगून दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचावर निजवले. भिक्खुसंघाला एकमेकांची सेवा करण्याचा उपदेश त्यानंतर झाला. काय होतंय आणि जवळ कोण आहे, हेच दोन प्रश्न आपणही आधी विचारावेत. उपदेशाला पुढे पुष्कळ दिवस आहेत.