लाल दिवा आणि वही

“राउटर बंद करून पुन्हा चालू करा.” तक्रार कोणतीही असो, उत्तर हेच. या आठवड्यात ते पुन्हा ऐकलं आणि संताप आला, कारण डब्यावर LOS चा लाल दिवा लुकलुकत होता. या दिव्याचा अर्थ, फायबरमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पुरेसा पोचत नाही. तिथे राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी तुटलेली तार जोडली जात नाही.

LOS विझलेला, PON चा हिरवा स्थिर आणि मोबाइल मात्र रखडतोय, तर संशय आधी घरातल्या वायफायवर घ्यावा. लॅपटॉप तारेने डब्याला जोडून पाहावा. तारेवर नेट नीट चाललं तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही.

पण लाल दिवा म्हणजे दोष कंपनीचाच, असंही नाही. कपाट सरकवताना भिंतीलगतची तार मुडपली तरी तो लागतो. इथे माझी वही कामी आली. या सदराच्या वाचकांना ती ठाऊक आहे. दूध, गॅस, पाणी सगळं तिच्यात असतं. नेट गेल्याची वेळही मी लिहिते, आणि सोबत डब्याच्या पानावरचा Rx Power हा आकडा. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकलं की ते पान उघडतं. काही डब्यांचा पत्ता वेगळा असतो, तो खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो.

आमचा नेहमीचा आकडा उणे २१. या खेपेला वारा सुटला की तो उणे २७ च्या आसपास घसरायचा आणि नेट जायचं. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो. म्हणजे नेहमीच्या चौथाईच प्रकाश येत होता, आणि उणे २७ ही अशा बहुतेक डब्यांची शेवटची मर्यादा. शेजारच्या काकूंची तार गच्चीवरच्या त्याच पेटीतून येते, पण त्यांचं नेट सुरळीत होतं. म्हणजे बिघाड पेटीच्या अलीकडे, फक्त आमच्या तारेत. आणि घरात वारा कुठून तार हलवणार?

तंत्रज्ञ आला तो डबा बदलायच्या तयारीने. मी वही पुढे केली आणि म्हटलं, “दादा, तार गॅलरीतून आत येते तिथे आधी मोजा.” त्याने मीटर लावला. तिथेही उणे २७. घरातली तार निर्दोष ठरली. गच्चीच्या कठड्यावर क्लिपखाली तार काटकोनात मुडपली होती. वाऱ्याने ती आणखी दबत होती. नवी तार ओढल्यावर आकडा उणे २०.

मात्र फायबरचा हिरवा प्लग स्वतः उपसून त्यात डोकावू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. शिवाय टोकाला धूळ लागली की आकडा आणखी घसरतो.

नेट नीट चालू असताना, आजच, तो आकडा लिहून ठेवा. नेहमीचा किती हेच माहीत नसेल, तर बिघडल्या दिवशीच्या आकड्यावरून काही कळणार नाही.